एका पाटीवर एक अब्ज

१७७६ साली व्हिएन्नातल्या आन्टोन फेल्केल नावाच्या शिक्षकाने आकड्यांचं एक पुस्तक छापून घेतलं. कोणत्या संख्येला कोणत्या लहान संख्येने भाग जातो याची ती कोष्टकं होती, ४,०८,००० पर्यंतची. छपाईचा खर्च सरकारी खजिन्याने केला होता. पुस्तकाला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा खजिन्याने बहुतेक प्रती परत घेतल्या आणि तो कागद तुर्कांविरुद्धच्या लढाईत काडतुसं गुंडाळायला वापरून टाकला.

फेल्केलबद्दल हळहळ वाटते खरी. पण मूळ संख्यांची यादी करणाऱ्या प्रत्येकाचं जे दुखणं आहे, ते या गोष्टीत आधीच आलेलं आहे. या कामात अवघड असं फारसं काही नाही. अडतं ते जागेपाशी. आकडा वाढला की कागद पुरत नाही, आणि आता कागद गेला तरी कॉम्प्युटरची मेमरी पुरत नाही. त्यावरचा उपाय इतका साधा आहे की आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कुठल्याही पोराला तो सुचला असता. कागद सोडा, पाटी घ्या. लिहा, बघा, पुसा, पुन्हा लिहा.

आधी मूळ पद्धत. ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या इरॅटोस्थेनिसच्या नावाने ओळखली जाते. अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा हा प्रमुख. पृथ्वीचा घेर मोजणारा तोच. शाळेत १ ते १०० चा तक्ता काढून आपण सगळ्यांनी हा खेळ केलेला आहे. १ ला बाजूला ठेवायचं. २ ला गोल करायचा आणि दोनच्या पाढ्यातल्या पुढच्या सगळ्या संख्यांवर काट मारायची. मग ३ ला गोल आणि तीनच्या पाढ्यावर काट. ४ आधीच कटलेला, म्हणून ५, मग ७. इथे थांबलं तरी चालतं. शंभरच्या आतली संख्या दोन संख्यांच्या गुणाकारातून बनली असेल, तर त्या दोन्ही दहापेक्षा मोठ्या असूच शकत नाहीत. एक तरी दहा किंवा त्याहून लहान असणारच, आणि दहाच्या आतल्या मूळ संख्या चारच. काट न बसलेल्या २५ संख्या मूळ.

या पद्धतीत भागाकार कुठेही नाही, हे तिचं मर्म. ९९७ मूळ आहे का, असा प्रश्न कुणी ९९७ ला विचारतच नाही. प्रत्येक मूळ संख्या आपल्या पाढ्याच्या ढांगा टाकत तक्त्यावरून चालत जाते, ज्या घरावर पाय पडेल ते घर बाद होतं, आणि जिथे कुणाचाच पाय पडला नाही ती घरं आपोआप हाती लागतात.

आता तक्ता शंभराऐवजी एक अब्जाचा करू. ढांगा टाकणारे फार नाहीत. एक अब्जाचं वर्गमूळ ३१,६२२ च्या थोडं पुढे येतं, आणि तिथपर्यंत मूळ संख्या ३,४०१ च आहेत. त्यांनी चाललं की काम झालं. पण तक्त्याला एक अब्ज घरं लागतात. प्रत्येक घराला एक बाइट दिला तर एक जीबी मेमरी गेली. कटलं किंवा नाही कटलं एवढंच लिहायचं असल्याने घराला एक बिट पुरतो. मग १२५ एमबी. २ सोडली तर सम संख्या मूळ नसतातच, म्हणून फक्त विषम संख्यांचीच घरं आखली की साडेबासष्ट एमबी. ही काटकसर इथवरच पोचते. मर्यादा हजारपट वाढवून लाख कोटींवर नेली, की तीच साडेबासष्ट एमबी साडेबासष्ट जीबी होते आणि घरचा कॉम्प्युटर हात टेकतो.

मुळात सगळा तक्ता एकाच वेळी समोर असायला हवा, असं कुणी सांगितलंय? सातला ९०१ ते १००० या पानावर चालायचं असेल, तर त्याआधीच्या नऊ पानांवर काय कटलं, काय उरलं, याच्याशी त्याला काहीच देणंघेणं नाही. त्याला फक्त या पानावरचं आपलं पहिलं पाऊल कुठे पडतं, एवढं कळलं म्हणजे झालं. म्हणून तक्त्याचे सारख्या लांबीचे तुकडे करायचे. पाटीवर एक तुकडा आखायचा, त्याच्यावरून सगळ्या पायाच्या मूळ संख्यांना चालवायचं, उरलेली घरं टिपून घ्यायची, पाटी पुसायची आणि त्याच पाटीवर पुढचा तुकडा घ्यायचा. प्रोग्रामर मंडळी याला ‘सेगमेंटेड सीव्ह’ म्हणतात. आपण खंडवार चाळणी म्हणू. १९७७ साली कार्टर बेज आणि रिचर्ड हडसन यांनी हीच पद्धत वापरून लाख कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. त्या काळच्या मशिनांची मेमरी पाहता त्यांना दुसरा मार्गही नव्हता.

एक पान प्रत्यक्ष चाळून बघू. मर्यादा १०००, पाटी शंभर घरांची, आणि आपण शेवटच्या पानावर आहोत, ९०१ ते १०००. १००० चं वर्गमूळ ३१.६, म्हणून पायाच्या मूळ संख्या अकरा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१.

पहिलं पाऊल काढायला प्रत्येकीसाठी एकच भागाकार लागतो. ९०१ ला ७ ने भागलं तर बाकी ५ उरते. सात पुरे व्हायला दोन कमी, म्हणून पहिलं पाऊल ९०३ वर. तिथून ९१०, ९१७ असं करत ९९४. त्यापुढचं १००१ या पानावर नाही. पण ते लक्षात ठेवलं, तर पुढचं पान घेताना भागाकारसुद्धा लागत नाही, सात तिथे आयतं पहिल्या घरावर येऊन उभं असतं. तेराचं बघा. ९०१ मध्ये बाकी ४, नऊ कमी, पहिलं पाऊल ९१०.

२ आणि ५ चालून गेले की ज्यांच्या शेवटी १, ३, ७ किंवा ९ आहे अशा ४० संख्या राहतात. ३ त्यातल्या १४ घेतो, राहतात २६. यानंतर मात्र शिकार विरळ होत जाते. ७ च्या वाट्याला ९१७, ९३१, ९५९ आणि ९७३ अशा चार. ११ ला दोन, ९१३ आणि ९७९. १३ लाही दोन, ९२३ आणि ९४९. १७ ला एकच, ९०१. १९ येतो आणि हात हलवत परत जातो, कारण त्याच्या पाढ्यातली ९३१ सातने आधीच घेतलेली असते. २३ ला ९४३ आणि ९८९ मिळतात. २९ चीही फेरी फुकट. शेवटी ३१ येतो आणि एकच संख्या घेऊन जातो, ९६१, म्हणजे त्याचा स्वतःचा वर्ग. उरतात १४: ९०७, ९११, ९१९, ९२९, ९३७, ९४१, ९४७, ९५३, ९६७, ९७१, ९७७, ९८३, ९९१ आणि ९९७.

एका पानाचं हे काम कोडमध्ये चार ओळींचं आहे. `lo` हा पानाचा पहिला आकडा, `hi` पान संपल्यानंतरचा पहिला आकडा, आणि `seg` म्हणजे पाटी, जिच्या सगळ्या घरांत सुरुवातीला 1 लिहिलेलं आहे:

```python
for p in base:
    a = max(p*p, -(-lo // p) * p)
    for m in range(a, hi, p):
        seg[m - lo] = 0
```

दुसऱ्या ओळीतली ती दोन उणे चिन्हं विचित्र दिसतात. भागाकार खालच्या पूर्णांकाऐवजी वरच्या पूर्णांकाकडे न्यायची ती पायथॉनमधली युक्ती आहे, दुसरं काही नाही. पण चुका होतात त्या नेमक्या याच ओळीत, आणि मजा म्हणजे आपल्या छोट्या पानावर त्या सगळ्या पकडता येतात.

पहिली चूक बाकी शून्य उरते तेव्हाची. वर आपण ‘किती कमी’ हे काढताना भाजकातून बाकी वजा केली. १७ साठी तेच करा. ९०१ ला १७ ने पूर्ण भाग जातो, सतरा गुणिले त्रेपन्न. बाकी शून्य, म्हणून ‘सतरा कमी’ असं उत्तर येतं आणि पहिलं पाऊल ९१८ वर पडतं. पानाच्या दारातच उभी असलेली ९०१ निसटते आणि मूळ संख्यांच्या पंगतीत जाऊन बसते. दुसरी चूक वर्गमुळाची. पायाच्या संख्या ‘३१ पर्यंत’ घ्यायच्या, तिथे ‘३१ च्या आतल्या’ घेतल्या, की ९६१ ला पकडणारं कुणीच उरत नाही. तिसरी चूक उलट दिशेची. `p*p` ची अट विसरली तर पहिल्या पानावर ७ चं पहिलं पाऊल खुद्द ७ वरच पडतं. मग २, ३, ५, ७ अशा लहान मूळ संख्याच यादीतून गायब होतात.

सी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे, आणि तो लहान मर्यादेला दिसतच नाही. ३२ बिटांच्या खोक्यात ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ६५,५३७ ही मूळ संख्या पायात आली की तिचा वर्ग त्यापलीकडे जातो. वरचा भाग कापला जातो आणि वर्ग म्हणून हाती येतात १,३१,०७३. प्रोग्राम काही कुरकुर करत नाही. तो चुकीच्या जागेपासून इमानदारीने ढांगा टाकत सुटतो.

मग चूक झाली हे कळायचं कसं? मोजून. हजारपर्यंत मूळ संख्या १६८ आहेत, दहा लाखांपर्यंत ७८,४९८ आणि एक अब्जापर्यंत ५,०८,४७,५३४. वरच्या पहिल्या दोन चुकांपैकी कुठलीही एक झाली, तरी ९०१ ते १००० च्या पानावर १४ ऐवजी १५ भरतात. आणखी एक कसोटी मला त्याहून आवडते. पाटीची लांबी बदलून पुन्हा चालवायचं, शंभर घरांऐवजी सत्त्याण्णव, मग एक हजार तीन. पानांच्या कडा वेगळ्याच ठिकाणी पडतात आणि कडेला लपलेली चूक लगेच आकडा हलवते. आकडा तोच आला पाहिजे, पाटी कितीही असो.

हे संदर्भाचे आकडे मिळवणंही सोपं नव्हतं. अर्न्स्ट माइसेल या जर्मन गणितज्ञाने संख्या न मांडता नुसती त्यांची मोजदाद करायची वेगळी रीत शोधली आणि १८८० च्या दशकात हाताने हिशेब करून एक अब्जापर्यंतच्या मूळ संख्या ५,०८,४७,४७८ असल्याचं सांगितलं. ५६ ने कमी. ही चूक दुरुस्त व्हायला कॉम्प्युटरचा जमाना उजाडावा लागला. पाच कोटींत छप्पनची चूक, तीही हाताने केलेल्या हिशेबात. मला तर ती शाबासकीच वाटते.

पाटी लहान केल्याने मेमरी किती वाचते? समजा पाटी ३२ केबीची आहे, एक बिट एक विषम संख्या. तिच्यावर ५,२४,२८८ संख्यांचा पट्टा बसतो आणि एक अब्जासाठी ती १,९०८ वेळा आखावी-पुसावी लागते. सोबत ३,४०१ पायाच्या संख्या आणि प्रत्येकीचं पुढचं पाऊल, मिळून साधारण २७ केबी. म्हणजे साडेबासष्ट एमबीचं काम साठ केबीत उरकलं.

इतका खटाटोप करून वेळ जास्त लागत असेल, असंच कुणालाही वाटेल. एकोणीसशे वेळा पाटी पुसायची, दर वेळी साडेतीन हजार संख्यांना पुन्हा रांगेत उभं करायचं. घडतं उलटंच, पाटीवरचं काम बरंच लवकर होतं. माझ्या मते या सगळ्या विषयात कळून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे, आणि तिचं कारण गणितात नाही, मशीनच्या रचनेत आहे.

स्वयंपाक करताना मीठ-मसाल्याचे डबे ओट्यावर असतात, पिठाचे डबे फळीवर आणि वर्षाचं धान्य माळ्यावर. प्रोसेसरचंही तसंच असतं. त्याच्या अगदी हाताशी ‘एल-वन कॅशे’ नावाचा छोटा ओटा असतो, बहुतेक मशिनांत ३२ केबी किंवा थोडा मोठा. तिथली वस्तू घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत मिळते. मुख्य मेमरी म्हणजे माळा. तिथून काही आणायचं तर शेकडो ठोके जातात. शिवाय माळ्यावरून एक दाणा आणता येत नाही. एका खेपेला ६४ बाइटांचं गाठोडं खाली येतं, हवा असलेला बिट एकच असला तरी.

एक अब्जाच्या विषम तक्त्यावर एकूण साधारण शंभर कोटी काटा मारल्या जातात. सगळा तक्ता माळ्यावर पसरलेला असेल, तर तीस हजारांच्या आसपासची मूळ संख्या प्रत्येक ढांगेला नव्या गाठोड्यात पाय टाकते. एक बिट पुसायला माळ्यावर चढायचं, लगेच दुसऱ्या बिटासाठी पुन्हा चढायचं, असं कोट्यवधी वेळा. पाटी ओट्यावर मावत असेल, तर काटांची संख्या तेवढीच राहते, पण शिडीवर चढणं जवळजवळ संपतं. खंडवार चाळणी जन्माला आली ती मेमरी वाचवायला, आणि आज कुणाकडेही साडेबासष्ट एमबी सहज असताना ती टिकून आहे ती वेळ वाचवते म्हणून.

मग पाटी आणखी लहान का करू नये? कारण दर पाटीला सगळ्या पायाच्या संख्यांना हाक द्यावी लागते. लाख कोटींच्या मर्यादेला त्या ७८,४९८ होतात. ३२ केबीच्या पाटीवर त्यांपैकी निम्म्याहून जास्त संख्यांची ढांग, म्हणजे विषम ते विषम अशी दुप्पट ढांग, पाटीपेक्षाच लांब पडते. त्या दर वेळी दारात येतात, ‘आज आपलं काही नाही’ म्हणून परत जातात, आणि त्या येण्याजाण्यातच वेळ खर्च होतो. म्हणून पाटीचा पट्टा साधारण मर्यादेच्या वर्गमुळाएवढा तरी असावा, असा ठोकताळा आहे. त्याहून खूप पुढे जायचं तर टपाल खात्यासारखं करतात. प्रत्येक मोठी मूळ संख्या तिचं पुढचं पाऊल ज्या पाटीवर पडणार, त्या पाटीच्या खणात टाकून ठेवायची. पाटी आली की तिच्या खणातल्या पत्रांपुरतंच काम. पोर्तुगालच्या टोमास ऑलिव्हेरा ए सिल्वा यांनी अशाच खणांच्या चाळणीने गोल्डबाखचा अंदाज ४ वर १८ शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासला. तिथे पायाच्या संख्याच साडेनऊ कोटींवर जातात.

यादी साठवून ठेवायची हौस मात्र आवरावी. अब्जाच्या आतल्या पाच कोटी मूळ संख्या ओळीने टाइप केल्या तर फाइल ५०० एमबीच्या घरात जाते, म्हणजे ज्या कामाला साठ केबी पुरले त्याचं बाड हजारो पट मोठं. लगतच्या दोन मूळ संख्यांमधलं अंतर तेवढं लिहिलं, तर बरंच आटोपतं. एक अब्जाच्या आत ते अंतर कधीही २८२ च्या वर जात नाही, आणि २ आणि ३ मधलं सोडलं तर ते नेहमी सम असतं. त्याची निम्मी संख्या १४१, ती एका बाइटात मावते. तरी ५१ एमबी लागतातच. पाटीवर आलं, हवं ते काम केलं, पुसलं, हेच बरं. पुन्हा लागलं तर पुन्हा चाळायचं.

हे पुन्हा चाळणं हवं त्या पानापासून सुरू करता येतं, मागचं एकही पान न उलटता. प्रागमध्ये प्राध्यापक असलेल्या याकोब कुलिक यांनी आयुष्यातली वीसेक वर्षं घालून १०,०३,३०,२०० पर्यंतच्या संख्यांच्या भाजकांची कोष्टकं हाताने लिहिली. १८६३ साली ते वारले. आठ खंडांचं हे हस्तलिखित व्हिएन्नाच्या अकादमीत पोचलं, आणि त्यातला दुसरा खंड हरवला: १,२६,४२,६०० ते २,२८,५२,८००. त्या खंडातल्या मूळ संख्या आज परत हव्या असतील, तर पायाच्या संख्या ४,७८० पर्यंतच्या, म्हणजे साडेसहाशेहून कमी, पुरतात. ३२ केबीची पाटी वीस वेळा आखावी लागते.